दादानं पाठवले २००० डॉलर, आईच्या खात्यात जमा १,७१,५८१. मधले पैसे कुठं गेले?

पलूसची_लेक
नमस्कार मंडळी. घरात जरा कुजबुज चालू झालीय म्हणून विचारते. आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला ठरलंय, भरती करताना १,७५,००० भरा म्हणालेत. दादा डलासला असतो, त्यानं गुरुवारी त्याच्या बँकेतून आईच्या पलूसच्या खात्यावर २००० डॉलर वायर केले. त्या दिवशी गुगलवर ८८.४० दाखवत होतं म्हणजे १,७६,८०० होतात, आम्ही निर्धास्त. तर पैसे आले थेट मंगळवारी संध्याकाळी, आणि आले १,७१,५८१.१४. म्हणजे ५,२१९ रुपये कमी. दादा म्हणतो मी पुरे दोन हजार पाठवले, वर ४५ डॉलर फी वेगळी भरली, त्याच्याकडं पावती आहे. शाखेतला माणूस म्हणतो आमच्याकडं जेवढे आले तेवढे दिले. आई बिचारी दोघांच्या मध्ये. कुणी खोटं बोलत नाहीये हे मला माहीत आहे पण मग पैसे गेले कुठं? आणि पाच दिवस ते होते कुणाकडं?

वांगी_भरीत
५ हजार टीसीएस कापला असणार. परदेशी व्यवहारावर सरकार कापतंच.

कराडकर_७७
नाही हो, टीसीएस इथून बाहेर पैसे पाठवताना लागतो, पोराला शिकायला पाठवलं तर वगैरे. बाहेरून आत येणाऱ्याला नाही. आणि मुलानं आईला पाठवलेत म्हणजे जवळचं नातं, आईला त्यावर इन्कम टॅक्सही नाही, रक्कम कितीही असो.

वांगी_भरीत
बरं, मग अमेरिकेनं नवीन १ टक्का कर लावलाय तो असेल. बातम्यात होतं.

टेक्सासचा_तासगावकर
तो १ जानेवारी २०२६ पासून आहे पण रोख रक्कम, मनी ऑर्डर, कॅशियर्स चेक असं देऊन पाठवलं तर. बँकेच्या खात्यातून वायर केली तर लागत नाही. आणि लागला असता तरी पाठवणाऱ्याकडून वरून घेतात, आत पोचणाऱ्या रकमेतून नाही. ताईंच्या केसमध्ये तो विषयच नाही.

माण_तालुका_वहिनी
आमचे हे मस्कतला आहेत, आम्ही म्हसवडचे. ते एक्स्चेंजच्या दुकानात जातात, २०० रियाल देतात, दोन रियाल फी, आणि पावतीवर रुपयातच छापून येतं, ४५,५६०. तेवढेच्या तेवढे माझ्या खात्यात, कधी कधी ते दुकानातून बाहेर पडायच्या आत मेसेज येतो. एक रुपया कापत नाहीत. तुमच्या दादांना सांगा असंच पाठवा, कशाला बँकेच्या नादी लागायचं.

टेक्सासचा_तासगावकर
वहिनी, अमेरिकेत तशी दुकानं गल्लोगल्ली नाहीत, पण ॲपवाले तसंच करतात. त्यावर नंतर येतो. आधी ताईंचा हिशोब लावू. ताई, जमा झाल्याची बँकेची ॲडव्हाइस असेल तर त्यावरचे आकडे टाका, खाते नंबर झाकून.

पलूसची_लेक
शाखेतून कागद आणला. त्यावर लिहिलंय: डॉलर १,९८०. दर ८६.९०. रुपये १,७२,०६२. जीएसटी २४४.८६. इनवर्ड चार्ज २०० आणि त्यावर ३६. बाकी १,७१,५८१.१४. म्हणजे दादाचे २० डॉलर तर इथं यायच्या आधीच गेले की! आणि ८६.९० कुठला दर, गुगलवर तर त्या मंगळवारीसुद्धा ८८.०५ होता, मी स्वतः बघितलंय.

फॉरेक्सडेस्क_निवृत्त
पलूसच्या लेकीला उत्तर देतो. मी एकवीस वर्षं इनवर्डच्या टेबलावर होतो, सुरुवात साताऱ्यात, शेवटी कोल्हापूर. तुमच्या कागदात सगळं आहे, फक्त तीन ठिकाणी विभागलंय.

पहिले ते २० डॉलर. दादांची बँक आणि तुमची बँक यांचं एकमेकींकडं खातं नसेल तर पैसे मधल्या बँकेतून येतात, बहुधा न्यूयॉर्कच्या. तुमच्या बँकेचं डॉलरचं खाते त्या मधल्या बँकेत असतं, त्याला आम्ही नॉस्ट्रो म्हणायचो. डॉलर त्या खात्यात जमा होतात, भारतात डॉलर येत नाहीत, फक्त निरोप येतो. त्या मधल्या बँकेनं आपली हमाली २० डॉलर पुढं पाठवायच्या रकमेतूनच काढून घेतली. दादांनी भरलेले ४५ हे त्यांच्या बँकेचे, त्यात मधलीचा वाटा नव्हता.

दुसरं, दर. गुगलवर दिसतो तो बँका आपसात करतात त्या व्यवहाराचा मधला भाव, त्या भावानं कुणालाच डॉलर विकता येत नाहीत. तुम्हाला लागला तो बँकेचा टीटी बाइंग रेट, रोज सकाळी बँक कार्ड रेट म्हणून काढते तो. ८८.०५ आणि ८६.९० मध्ये १.१५ रुपये, १,९८० डॉलरवर २,२७७ रुपये. हे बँकेनं घेतले, पण पावतीवर चार्ज म्हणून कुठं दिसत नाहीत. लोक २०० रुपयांच्या चार्जवरून शाखेत भांडतात आणि या सव्वादोन हजारांचं कुणी नाव काढत नाही, मी आयुष्यभर हेच बघितलं.

तिसरं, गुरुवारचा ८८.४० मंगळवारी ८८.०५ झाला होता. ते ३५ पैसे बाजाराचे, १,९८० वर ६९३ रुपये. दर लागतो रूपांतर होईल त्या दिवसाचा. पाठवल्या दिवसाचा नव्हे.

आता बेरीज: २० डॉलर म्हणजे १,७६८, बँकेचा फरक २,२७७, बाजार ६९३, जीएसटी २४४.८६, चार्ज २३६. झाले ५,२१८.८६. तुमचे सगळे पैसे सापडले.

पलूसची_लेक
काका, डोळ्यात पाणी आलं खरं सांगते. पै न पै लागली. आईला आत्ताच फोन करून सांगते.

कृष्णाकाठचा_बंडू
काका साताऱ्यात म्हणजे युनायटेड वेस्टर्न का? आमच्या आजोबांचं खातं होतं तिथं, साताऱ्याची आपली बँक म्हणून अभिमान.

फॉरेक्सडेस्क_निवृत्त
हो बाबा, युनायटेड वेस्टर्न. २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. पुढच्याच वर्षी सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. दोन वर्षांत दोन्ही जिल्ह्यांच्या पाट्या उतरल्या.

कृष्णाकाठचा_बंडू
सांगली बँकेच्या पासबुकाचा वास अजून नाकात आहे माझ्या. पण यावरून आठवलं, आमच्या चुलत भावानं दुबईतून जुनाच आयएफएससी टाकला होता, बँक विलीन झालेली, पैसे चार दिवस फिरून परत गेले आणि परत जाताना पुन्हा दर कापला. तेव्हा कोड तपासा रे.

फॉरेक्सडेस्क_निवृत्त
बंडू बरोबर बोलतोय. आणि त्यात अजून एक, पलूससारख्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड बहुतेक नसतो. बँकेच्या मुख्य किंवा फॉरेक्सच्या शाखेचा कोड द्यायचा आणि आयएफएससी खातेदाराच्या तपशिलात. सहकारी बँक असेल तर आधी विचारावं, तिच्याकडं परकीय चलनाचा परवाना नसेल तर दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत यावं लागतं आणि तिथून पुढं एनईएफटी.

माण_तालुका_वहिनी
काका मग आमचे पूर्ण कसे येतात? कापत नाहीत ना?

फॉरेक्सडेस्क_निवृत्त
वहिनी, तुमच्याकडं रुपये तिथल्या खिडकीवरच ठरतात, म्हणून मध्ये कापायला काही उरत नाही आणि बाजार खाली गेला तरी तुम्हाला झळ नाही. एक्स्चेंजवाल्यानं इथल्या बँकेत रुपयांची आधीच सोय करून ठेवलेली असते, त्यातून तुम्हाला लगेच देतात. पण फुकट नाही. ओमानचा रियाल डॉलरला बांधलेला आहे, एक रियाल म्हणजे साधारण २.६० डॉलर. ८८.०५ नं गुणा, २२८.९३ येतात. तुम्हाला ४५,५६० मिळाले म्हणजे २२७.८० चा दर. प्रत्येक रियालला १.१३, दोनशेवर २२६ रुपये. वर दोन रियाल फी. तरी एकूण स्वस्तच आहे, तेच चालू ठेवा.

माण_तालुका_वहिनी
अगं बाई. यांना सांगते, यांना वाटतं दुकानदार ओळखीचा आहे म्हणून पूर्ण दर देतो!

विटा_गलाई
मला काकांचं एक पटलं नाही. दादांनी फॉर्म भरताना चार्जेसमध्ये OUR, म्हणजे वाटेतले सगळे चार्ज पाठवणाराच भरणार, असं निवडलं असतं तर २० डॉलर गेलेच नसते. मी जर्मनीतून मेव्हण्याकडून मागवतो, नेहमी OUR, पूर्ण येतात. चूक दादांची आहे.

टेक्सासचा_तासगावकर
अर्धं बरोबर आहे दादा. युरोचं मला माहीत नाही, पण इथं अमेरिकेत घरगुती वायरला बऱ्याच बँका तो पर्याय देतच नाहीत, आपोआप SHA जातं, म्हणजे चार्ज दोन्हीकडं वाटून. आणि OUR टाकलं तरी डॉलरमध्ये मधली बँक कधी कधी कापतेच. पूर्ण पोचलेच पाहिजेत अशी वेगळी सोय काही बँका जास्त फी घेऊन देतात, ती मागावी लागते. त्यामुळं ताईंच्या दादांना दोष देऊ नका.

विटा_गलाई
ठीक. मग दादांनी रुपयातच पाठवायचे, डॉलरमध्ये कशाला. माझा मित्र म्हणतो अमेरिकेच्या बँका रुपयात पाठवलं तर फी पण घेत नाहीत.

टेक्सासचा_तासगावकर
फी घेत नाहीत कारण दरात घेतात. मी एकदा केलंय. फी शून्य, पण बँकेनं स्वतःचा दर लावला तो बाजारापेक्षा अडीच रुपयांनी कमी होता, २००० डॉलरवर पाच हजार तिथंच. इकडं किती रुपये पोचणार ते आधी कळतं हा फायदा मात्र खरा, दवाखान्यात ठरावीक रक्कम भरायची असेल तर त्याची किंमत आहे. म्हणून मी आता एकच बघतो, माझ्या खात्यातून एकूण किती डॉलर जाणार आणि आईच्या खात्यात एकूण किती रुपये पडणार. मधलं कुणी काय नाव दिलंय ते बघतच नाही. ॲपवाल्यांचा दर बहुतेक वेळा बरा पडतो पण पहिल्या वेळेला दाखवतात तो दर दुसऱ्या वेळेला नसतो हे लक्षात ठेवा.

पलूसची_लेक
थोडी अडचण अजून आहे. दादा म्हणतो त्याच्याकडं स्विफ्टची कॉपी आहे त्यावर स्वच्छ २००० लिहिलंय, मग शाखेत १,९८० कसे. शाखेतला साहेब म्हणतो तुमच्या भावाची कॉपी चुकीची. आता हे काय?

फॉरेक्सडेस्क_निवृत्त
दोन्ही बरोबर आहेत. दादांची कॉपी म्हणजे त्यांच्या बँकेनं मधल्या बँकेला दिलेला निरोप, तो निघाला तेव्हा रक्कम २००० च होती. मधल्या बँकेनं २० काढून तुमच्या बँकेला दुसरा निरोप दिला. शाखेकडून आत आलेल्या निरोपाची प्रिंट मागा, त्यात या ओळी बघा. तारीख मी काढलीय:

```
:32A:YYMMDDUSD1980,00
:33B:USD2000,00
:71A:SHA
:71F:USD20,00
```

33B मध्ये दादांनी पाठवायला सांगितलेली रक्कम, 32A मध्ये तुमच्या बँकेला खरोखर मिळालेली आणि 71F मध्ये वाटेत कापलेले. दोन बँकांनी कापलं असेल तर 71F दोनदा येतो. नोव्हेंबर २०२५ पासून निरोपांचा साचा बदललाय, त्यामुळं नव्या प्रिंटमध्ये हेच InstdAmt आणि IntrBkSttlmAmt या नावानं दिसेल. आणि दादांना यूईटीआर नंबर विचारा, ३६ अक्षरांचा लांबलचक असतो. दोन्ही कॉप्यांवर तो एकच राहतो. त्यावरून दोन्हीकडच्या बँकांना पैसे कुठल्या दिवशी कुठं होते ते दिसतं.

टेक्सासचा_तासगावकर
आणि ताई, दादांना वायरची पावती नीट वाचायला सांगा. कॉपी नव्हे, पावती. इथल्या कायद्यानं घरगुती पैसे पाठवताना बँकेला फी, मधल्यांचे चार्ज आणि तिकडं किती पोचणार हे आधी लिहून द्यावं लागतं. पैसे भरल्यापासून अर्ध्या तासात रद्दही करता येतं आणि काही चुकलं असेल तर १८० दिवसांत तक्रार.

कराडकर_७७
पाच दिवसांचं उत्तर राहिलं की अजून. ते मला पण हवंय, आमचे नेहमी शुक्रवारी अडकतात.

पलूसची_लेक
हो तेच. दादानं गुरुवारी त्याच्या संध्याकाळी साडेपाचला पाठवले. शाखेतून फोन आला सोमवारी दुपारी चारला, "पैसे कशासाठी आलेत सांगा". आईला कळेना, तिनं "मुलगा पाठवतो" एवढंच सांगितलं. मंगळवारी सकाळी मी जाऊन फॉर्म भरला, संध्याकाळी जमा.

फॉरेक्सडेस्क_निवृत्त
साडेपाचला त्यांच्या बँकेची वेळ संपलेली, म्हणजे निघाले शुक्रवारी. न्यूयॉर्कच्या शुक्रवारी दिवसा नॉस्ट्रोला जमा, आपल्याकडं तेव्हा रात्र. शनिवार रविवार परकीय चलनाचा बाजार बंद, शाखा शनिवारी उघडी असली तरी दर नसतो. सोमवारी सकाळी तुमच्या बँकेनं निरोप उघडला आणि त्यात कारण लिहिलेलं नव्हतं. कारणाचा कोड लागतोच, घरखर्चासाठी आपल्या माणसानं पाठवलेल्याला P1301. दादांनी वायरच्या संदेशाच्या रकान्यात "family maintenance P1301" टाकलं असतं तर बहुधा सोमवारीच जमा झाले असते. वेळ गेली ती तिथं.

विटा_गलाई
मग सोमवारी रात्रीपर्यंत दर काय होता ते बघा, बँकेनं उशीर केला म्हणून ६९३ रुपये बँकेकडून वसूल करा. परकीय चलनाचं काम करणाऱ्या बँकांची संघटना फेडाई, तिचा नियम आहे, दोन दिवसांच्या वर उशीर झाला तर व्याज आणि दराचं नुकसान द्यावं लागतं.

फॉरेक्सडेस्क_निवृत्त
नियम आहे, बरोबर. नॉस्ट्रोला जमा झाल्याची खबर मिळाल्यापासून कामाच्या दोन दिवसांत जमा करायचं किंवा खातेदाराला कळवायचं. इथं सोमवारी कळवलं. म्हणून माझ्या मते बँक मुदतीत आहे.

विटा_गलाई
खबर शनिवारी मिळाली असेल तर? तो शनिवार पहिला होता, शाखा चालू होती. मग शनिवार, सोमवार असे दोन दिवस झाले आणि जमा मंगळवारी.

फॉरेक्सडेस्क_निवृत्त
पण कळवलं सोमवारी, ते दुसऱ्याच दिवशी बसतं. आणि फॉरेक्सला शनिवार कामाचा दिवस धरायचा की नाही यावर मी नोकरीत असतानाही वाद ऐकलेत. बँकेचं भरपाईचं धोरण त्यांच्या साइटवर असतं, त्यात दर कुठल्या तारखेचा धरणार ते लिहिलेलं असतं. ते वाचून अर्ज करा. अर्जाला पैसे पडत नाहीत.

वांगी_भरीत
मला वाटलं होतं गुगलचा दर म्हणजे सरकारी दर. काका, मग ज्या दिवशी जमा होणार त्या दिवशी सकाळी शाखेत फोन करून जास्त दर मागता येतो का?

फॉरेक्सडेस्क_निवृत्त
मागता येतो. मोठी रक्कम असेल तर शाखा ट्रेझरीला फोन लावून कार्ड रेटपेक्षा चांगला दर आणते. किती म्हणजे मोठी ते बँकेबँकेवर आहे. २००० डॉलरला बहुतेक नाही म्हणतील. पण रूपांतर व्हायच्या आधी मागायचा, जमा झाल्यावर काही होत नाही. आप्पांच्या ऑपरेशनला अजून पाठवणार असाल तर दोन वेळा थोडे पाठवण्यापेक्षा एकदाच पाठवा. ते ४५ आणि २० डॉलर रकमेवर नाहीत, प्रत्येक वेळेवर आहेत.

पलूसची_लेक
दादाशी बोलले. त्यानं पावती काढली. स्क्रीनवर असं आहे:

```
Transfer Amount:      $2,000.00
Transfer Fees:           $45.00
Total:                $2,045.00
Other Fees:              $20.00
Total to Recipient:   $1,980.00
```

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याच्याकडं लिहिलेलं होतं. दादा म्हणाला घाईत खालपर्यंत वाचलंच नाही, आप्पांच्या काळजीत होता. आईनं ऐकून एवढंच विचारलं, "मग बँकेतल्या पोरावर मी उगीच ओरडले का?" उद्या ती शाखेत जाणार आहे, जाताना शेंगदाण्याचे लाडू नेते म्हणाली.

आणि हिशोब पूर्ण बघितला तर दादाचे ४५ पण धरून घरचे जवळजवळ ९,२०० गेले. पुढच्या वेळी किती रुपये पडणार ते आधी विचारूनच पाठवणार तो.

टेक्सासचा_तासगावकर
ताई आप्पांच्या भरतीला कमी पडले ते ३,४०० भागले का? माझी आई तासगावला आहे, लागले तर सांगा, संकोच करू नका.

पलूसची_लेक
भागले हो, माझ्याकडचे घातले. बोललात हेच खूप. ऑपरेशन सोमवारी. ६९३ चा अर्ज पण दिलाय, शनिवारचा मुद्दा घालून, विटेकर दादांनी सांगितला तसा. पोच मिळाली, उत्तर अजून नाही.

विटा_गलाई
उत्तर आलं की इथंच टाका. मला काकांबरोबर हा वाद संपवायचा आहे.

फॉरेक्सडेस्क_निवृत्त
मलाही हवंय. आप्पांना सांगा, दुसऱ्या दिवसापासून चालायला लावतात, घाबरू नका म्हणावं. माझा गुडघा मिरजेलाच केलाय.